स्वप्नातलं बोलावणं

आमच्या आईला पौष महिन्यात ते स्वप्न पडलं. तेव्हा तिचं वय ब्याऐंशी होतं. वर्षभरापूर्वी न्हाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया झाली होती, आणि वॉकर धरून कॉटपासून देवघरापर्यंत, तिथून सोप्यापर्यंत एवढाच तिचा प्रवास उरला होता. पहाटे मी दूध आणायला निघालो तर अंधारात जागीच होती. म्हणाली, "आरं, मी आत्ता वाडीला होते. घाटाच्या दुसऱ्या पायरीला पाणी लागलं हुतं. पालखी निघाली. कुणीतरी मागनं म्हणालं, बाई, तुमचं राहिलंय की. मी वळून बघतोय तवर जाग आली."

आम्ही कागलचे. आमच्याकडे नुसतं वाडी म्हटलं की नृसिंहवाडीच. हुपरी, इचलकरंजी, कुरुंदवाड करत पंचगंगेचा पूल ओलांडला की पोचलो. माझ्या लहानपणी पुनवेला वाडीला जाणं म्हणजे घरातलंच काम वाटायचं. त्यामुळं आईला वाडी स्वप्नात दिसली यात नवल नव्हतं. पण ती गोष्ट मी चहाच्या वेळी घरात सांगितली आणि सगळे एकदम गप्प झाले. सौभाग्यवतीनं कप खाली ठेवला. धाकट्या भावाला फोन केला तर तो म्हणाला, "मी उद्याच येतो."

याचं कारण वाचकांना सांगायला नको. म्हाताऱ्या माणसाला 'देवाचं बोलावणं' आलं याचा आपल्या भाषेत दुसराही अर्थ होतो. तो शब्द कुणी उच्चारला नाही, पण जो तो त्याच अर्थानं वागू लागला. शेजारच्या काकू येऊन आईजवळ बसून गेल्या. भाऊ पुण्याहून आला. आईला काही खावंसं वाटतं का, हे दिवसातून चारदा विचारणं सुरू झालं. दोन दिवसांनी आईच वैतागून म्हणाली, "काय चाललंय तुमचं? मी वाडीला जायचं म्हणतोय, वर जायचं न्हाई."

त्या स्वप्नानं मला एक प्रश्न घातला. यंदाच्या दत्तजयंतीच्या अंकासाठी लिहा असं संपादकांनी म्हटल्यावर तोच लिहावा असं वाटलं. क्षेत्राचं स्वप्न पडलं तर ते बोलावणं समजायचं का? समजलं तर जाणं हे कर्तव्य होतं का? आणि माणसाला जाता येत नसेल, किंवा त्याच्या जाण्याचा भार दुसऱ्याच कुणावर पडत असेल, तर काय करायचं? मी काही शास्त्री नव्हे. छत्तीस वर्षं बँकेत क्लार्क म्हणून काढली. पण घरात श्रीगुरुचरित्राचं पारायण आहे, आणि प्रश्न घरातला आहे.

पहिली गोष्ट अशी की आपली परंपरा प्रत्येक स्वप्नाला दृष्टांत म्हणत नाही. याबाबतीत जुनी माणसं आपल्यापेक्षा कडक होती. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मनात इच्छा धरलेलं, कल्पना केलेलं, पुढं होणाऱ्याची सूचना देणारं, आणि वात-पित्त-कफ बिघडल्यामुळं पडणारं. यातली पहिली पाच निष्फळ, म्हणजे त्यांवरून पुढचं काही सांगता येत नाही, असं तिथं स्पष्ट म्हटलं आहे. दिवसा पडलेलं, फार लांबलेलं किंवा अगदी तुटक असलेलं स्वप्नही निष्फळच. रात्रीच्या पहिल्या भागात पडलेलं स्वप्न थोडं फळ देतं, आणि जे पडल्यावर माणूस पुन्हा झोपत नाही ते लवकर फळतं. पहाटेच्या स्वप्नाबद्दल आपण जे म्हणतो ते या विचाराला धरूनच आहे. वेदान्तातही स्वप्नातली सृष्टी ही मायाच मानली आहे. मात्र ब्रह्मसूत्रांत असंही म्हटलं आहे की ती माया असली तरी सूचक असू शकते. म्हणजे गाडी खोटी, पण गाडीवरची पाटी खरी असू शकते.

या हिशेबानं आईचं स्वप्न कुठं बसतं ते मी बघू लागलो. वाडी तिनं शंभरदा पाहिलेली, घाटावर आंघोळ केलेली, पालखीमागं चाललेली. वर्षभर घरात अडकून पडल्यामुळं जायची इच्छा तर मनात असणारच. पाहिलेलं, अनुभवलेलं आणि इच्छिलेलं, तिन्ही निष्फळ रकाने एकाच वेळी भरत होते. पहाटेचं होतं एवढीच एक बाजू उलट. चरकाच्या न्यायानं बघितलं तर त्यातून मरणाची सूचना काढणं हा आम्हा घरच्या लोकांचा उतावीळपणा होता. मी भावाला तसं सांगितलं आणि तो दुसऱ्या दिवशी पुण्याला परत गेला.

पण मग ते 'तुमचं राहिलंय' कुठून आलं? तिथं मी अडलो.

गुरुचरित्रात स्वप्नं बरीच आहेत. पारायण करणाऱ्यांना ती माहीत असतात, पण ओळीनं वाचत गेल्यामुळं शेजारी ठेवून बघायची राहतात. ग्रंथाची सुरुवातच स्वप्नानं होते. नामधारक दुःखानं ग्रासून घराबाहेर पडतो, गुरूंचा धावा करत चालतो, थकून झाडाखाली झोपतो, तेव्हा त्याला भस्म लावलेला जटाधारी योगी स्वप्नात दिसतो. जागा होऊन पुढं निघतो तर वाटेत तोच समोर उभा, ते सिद्धमुनी. इतकी वर्षं वाचूनही एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. नामधारकाला घरात अंथरुणावर बोलावणं आलेलं नाही. तो आधी निघाला, मग स्वप्न पडलं. आपण उलट धरून बसतो. स्वप्न पडेल तेव्हा निघू म्हणणारे माझ्या ओळखीचे चारपाच जण गाणगापूर न बघताच गेले. सोलापूरच्या पुढं गाणगापूर रोड स्टेशनवर उतरलं की झालं, एवढी सोपी वाट, पण त्यांना 'अजून बोलावणं नव्हतं'. मला वाटतं तिकिटाचा खर्च टाळायला हे कारण बरं पडत असावं.

दुसरी गोष्ट पंचेचाळिसाव्या अध्यायातल्या नंदी ब्राह्मणाची. ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अंगावर पांढरं कोड उठलेला हा माणूस तुळजापूरला तीन वर्षं भवानीची सेवा करतो. देवी त्याला चंदला परमेश्वरीकडे जायला सांगते. तो तिथं जाऊन सात महिने पुरश्चरण करतो. तेव्हा देवी स्वप्नात सांगते, गाणगापूरला श्रीगुरूंकडे जा. आता हा माणूस काय करतो? आनंदानं उठून निघत नाही. तो चिडतो. तू देवी असून मला माणसाकडे पाठवतेस? एवढंच सांगायचं होतं तर सात महिने कशाला राबवलंस? तो तिथंच ठाण मांडून बसतो. शेवटी देवी पुजाऱ्यांच्या स्वप्नात जाऊन सांगते की याला इथून जायला सांगा. मग नाइलाजानं तो गाणगापूरला येतो. श्रीगुरू त्याला विचारतात की देवी सोडून माणसाकडे का आलास. म्हणजे मनातली शंका त्यांनी ओळखलेली असते. संगमात स्नान आणि अश्वत्थाला प्रदक्षिणा झाल्यावर कोड जातं, पण मांडीवर थोडं उरतं. शंका घेऊन आला म्हणून तेवढं राहिलं. ते जायला त्याला गुरूंची स्तुती कवितेत करावी लागते, आणि ज्याला अक्षर येत नव्हतं तो कवी होतो.

या गोष्टीत दृष्टांत ओळखायच्या दोन खुणा मला दिसल्या. एक म्हणजे स्वप्नानं सांगितलेलं त्याला नको होतं. त्याची मर्जी एक आणि आज्ञा दुसरी. आपल्याला हवं तेच स्वप्न सांगत असेल तर ते आपलंच बोलणं असण्याचा संभव जास्त, आणि आपल्या अहंकाराला जे टोचतं त्याच्याकडे थोडं अधिक लक्ष द्यावं. दुसरी खूण पुजाऱ्यांच्या स्वप्नाची. ज्यांचा त्यात काही स्वार्थ नाही अशा दुसऱ्या माणसांनाही तेच सांगितलं गेलं. बँकेच्या भाषेत, एकाच सहीवर पैसे दिले नाहीत.

हे सहीचं मी उगाच लिहीत नाही. नोकरीत असताना एका गावच्या शाखेत माझ्या काउंटरवर हा प्रकार घडला आहे. गावाचं आणि माणसांचं नाव सांगत नाही. साठीकडे झुकलेले एक गृहस्थ मुदत ठेवीची पावती घेऊन आले. ठेव मुदतीआधी मोडायची होती. कारण विचारायचा आम्हाला अधिकार नसतो, पण त्यांनीच सांगितलं. महाराजांनी स्वप्नात येऊन शेतात पादुकांचं मंदिर बांध म्हणून आज्ञा केली होती, आणि गुरुवारी पायाचा मुहूर्त होता. पावती नवराबायकोच्या जोडनावावर, दोघांपैकी कुणीही किंवा मागं राहील त्याला, अशी. मुदत भरल्यावर एकाच्या सहीवर पैसे देता येतात, पण मुदतीआधी मोडायची तर तशी आधी दोघांनी लेखी मुभा दिलेली नसेल तर दोघांची सही लागते. मी नियम सांगितला. ते चिडले. देवाच्या कामाला बँक आडवी येते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाईंना घेऊन आले. मी फॉर्म पुढं सरकवला, सहीची जागा दाखवली. बाईंनी पेन हातात घेतलं, आणि नवऱ्याकडं बघून अगदी हळू आवाजात विचारलं, "सपनात माझं नाव घेतलं व्हतं काय त्येंनी?" ते म्हणाले, तुझं कशाला घेतील? बाई म्हणाल्या, "मग माझी सही कशाला लागतीया?" पेन ठेवलं आणि बाहेर जाऊन बाकड्यावर बसल्या. ठेव मुलीच्या लग्नाची होती, हे मला नंतर कळलं.

त्या बाईंना कुणी नास्तिक म्हणू नये. त्या दर गुरुवारी उपवास करायच्या, हे शाखेतल्या शिपायानं मला सांगितलं. पण त्यांनी जो प्रश्न विचारला तो मी पुढं अनेक स्वप्नांना लावून बघितला. आज्ञा कुणाला झाली, आणि तिची किंमत कोण भरणार? ज्याला दृष्टांत झाला त्यानंच भरायची असेल तर त्यानं खुशाल भरावी, मग मंदिर बांधो की अनवाणी गाणगापूरला जावो. दुसऱ्याच्या पोटातून, पोरीच्या लग्नातून किंवा बायकोच्या दागिन्यातून भरायची असेल, तर त्या दुसऱ्यालाही दृष्टांत व्हायला हवा. नंदी ब्राह्मणाला बाहेर काढायचं तर देवीनं पुजाऱ्यांना वेगळं सांगितलं. ते काम तिनं नंदीवर टाकलं नाही.

कोल्हापूरचंच उदाहरण संत बहिणाबाईंचं. त्या मूळच्या वैजापूरजवळच्या देवगावच्या. आईवडील आणि वयानं बराच मोठा असलेला नवरा यांच्यासोबत फिरत फिरत हे कुटुंब कोल्हापूरला आलं. जयराम स्वामींच्या कीर्तनात त्यांनी तुकोबांचे अभंग ऐकले. लळा लागलेलं वासरू गेलं, त्या दुःखात निपचित पडल्या असताना तुकोबा स्वप्नात आले आणि त्यांनी अनुग्रह दिला. तुकोबा तेव्हा देहूला हयात होते, आणि बहिणाबाईंनी त्यांना प्रत्यक्ष पाहिलेलंही नव्हतं. (खुद्द तुकोबांनाही गुरूपदेश स्वप्नातच झाला होता, हेही लक्षात घ्यावं.) हे सगळं बहिणाबाईंनी स्वतःच्या अभंगांत सांगितलं आहे. नवऱ्याला ते मुळीच पटलं नाही. ब्राह्मणाच्या बाईनं शूद्राला गुरू करायचं म्हणजे काय? त्यानं मारहाण केली, घर सोडून जायचं ठरवलं. मग तोच आजारी पडला, बहिणाबाईंनी त्याची सेवा केली, त्याचं मन पालटलं, आणि मग सगळं कुटुंब देहूला गेलं.

मला या हकिकतीत खटकणारं पुष्कळ आहे. ज्या बाईला एवढा मोठा अनुग्रह झाला तिनं मार खाऊन नवऱ्याच्या मनाची वाट बघावी, हे आजच्या बाईला मी कर्तव्य म्हणून सांगणार नाही. पण स्वप्नाच्या बाबतीत एक दिसतं. त्यांनी ते स्वप्न शस्त्रासारखं वापरलं नाही. मला तुकोबांनी सांगितलंय, आता तुम्ही सगळे चला, असं म्हटलं नाही. जे मिळालं ते स्वतःपुरतं सांभाळलं आणि वाट उघडल्यावर गेल्या. दृष्टांत खरा असेल तर तो लगेच न गेल्यामुळं नासत नाही, एवढं मी त्यातून घेतलं.

आता आईकडे परत येतो. तिला मी चव्वेचाळिसावा अध्याय वाचून दाखवला, त्यात माझा डाव होता. गाणगापूरचा तो तंतुक, म्हणजे विणकर, मठाचं अंगण झाडून सेवा करणारा. महाशिवरात्रीला घरचे सगळे श्रीशैलाला निघाले तर हा म्हणाला, माझा मल्लिकार्जुन इथंच आहे, मी कशाला येऊ? मग श्रीगुरूंनीच त्याला पादुका धरायला सांगून क्षणात श्रीशैलाला नेलं. मी आईला म्हटलं, बघ, घरबसल्या सेवा केली तर देवच नेतो. आई ऐकून हसली. म्हणाली, "त्याला गुरूंनी न्हेलं. मला तू न्हे. गाडी हाय की तुझ्याकडं."

डॉक्टरांनी पायऱ्या उतरू नका म्हणून सांगितलेलं. वाडीचं देऊळ नदीच्या अंगाला खाली आहे, वरच्या पेठेतून पायऱ्या उतरूनच जावं लागतं. म्हणजे न्यायचं कसं हा प्रश्न होताच. पण त्याआधी मी विचारलं, "ते राहिलंय म्हणजे काय राहिलंय?" आपल्या भागात देव स्वप्नात आला की जुन्या बायका पहिल्यांदा हाच तपास करतात, कुठला नवस फेडायचा राहिलाय. आई दोन दिवस आठवत होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा लावताना म्हणाली, "आठवलं. तुझी नोकरी."

मी बी. कॉम. होऊन घरी बसलो होतो. बँकेची परीक्षा दिली होती, मुलाखत झाली होती, पत्र येत नव्हतं. त्या वेळी तिनं वाडीला बोलून ठेवलं होतं, पोराला बँकेत चिकटव, ओलेत्यानं अकरा प्रदक्षिणा घालीन. १९८१ साली मी नोकरीला लागलो. त्या वर्षी वडिलांचं आजारपण निघालं, मग धाकट्याचं शिक्षण, मग आमची लग्नं, नातवंडं. वाडीला ती त्यानंतर पन्नास वेळा तरी गेली असेल. दर वेळी नारळ फोडला, पालखी बघितली, पेढे आणि कवठाची बर्फी घेऊन परत आली. प्रदक्षिणा राहिल्या, आणि राहिल्यात हेही राहून गेलं. आमच्याकडे बँकेत अशा नोंदी सस्पेन्स खात्यात पडून असतात. रक्कम कुणाची हे माहीत असतं, पण हात लावायला कुणी मोकळा नसतो.

म्हणून चरकाच्या हिशेबानं ते स्वप्न निष्फळ, आणि तरीही ते खरं. पुढं काय होणार हे त्यानं काहीच सांगितलं नाही. मागं काय झालं नाही ते सांगितलं. ते तिच्याच मनाच्या तळातून वर आलं की महाराजांनी पाठवलं, यावर भाऊ आणि मी फोनवर अर्धा तास बोललो. तो इंजिनियर आहे, तो म्हणाला मनातून. मी म्हटलं, मनात ते चाळीस वर्षं होतं, मग आत्ताच का वर आलं? तो म्हणाला, आधी तिला रिकामा वेळ कुठं होता? यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. पण देणं दोन्ही उत्तरांनी तेवढंच राहत होतं.

आता ओलेत्यानं प्रदक्षिणा म्हणजे कृष्णेत बुडी मारून त्याच ओल्या कपड्यानं चालायचं. ब्याऐंशीच्या वर्षी, बसवलेल्या खुब्यानं, पौषातल्या थंडीत हे शक्य नव्हतं. नवस फेडायची दुसरी रीत काय, हे वाडीतल्या एका पुजाऱ्यांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, शरीर चालत नसेल तर आईच्या नावानं संकल्प सोडून मुलानं प्रदक्षिणा घातल्या तरी चालतात, किंवा अभिषेक करा. मला अभिषेक बरा वाटला. पैसे पाठवले की प्रसाद घरी येतो. आईला विचारलं. ती म्हणाली, "नवस माझ्या तोंडचा, पण नोकरी कुणाला लागली?"

आम्ही पौर्णिमा सोडून एक साधा मंगळवार धरला, गर्दी नको म्हणून. भाऊ पुण्याहून पुन्हा आला, या वेळी हसत आला. चाकाची खुर्ची भाड्यानं आणली. पहाटे निघून उजाडताना पोचलो. आईला खाली न्यायचं नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवलेलं. पायऱ्यांच्या वरच्या बाजूला, जिथून देवळाचा आणि समोरच्या वाटेचा काही भाग दिसतो, तिथं भावानं खुर्ची लावली आणि अंगावर शाल टाकली. आईनं कनवटीला अकरा रुपयांची नाणी बांधून आणली होती. एक प्रदक्षिणा झाली की एक नाणं या मुठीतून त्या मुठीत, असा तिचा हिशेब.

पाणी किती गार होतं ते लिहीत नाही. बासष्ट वर्षांचा माणूस धोतर भिजवून, दात वाजवत, ओळखीचं कुणी भेटू नये अशी प्रार्थना करत चालतोय, हे दृश्य काही भक्तीचं नव्हतं. पहिल्या तीन प्रदक्षिणा मी फक्त थंडीचा विचार केला. चौथ्या-पाचव्याला पाय तापले. मग ती नोकरीची वाट बघण्याची वर्षं आठवू लागली, पोस्टमन दारावरून पुढं गेला की आई काहीच बोलायची नाही आणि आत जाऊन भाकरी थापू लागायची, ते आठवलं. दर फेरीला वळणावर मान वर करून बघायचो. शालीतून एक हात वर व्हायचा.

अकरा झाल्यावर वर आलो. भावानं टॉवेल दिला. आईनं डाव्या मुठीतली नाणी मोजली आणि म्हणाली, "धा झाल्या."

मी म्हटलं, "अगं, अकरा. मी मोजल्यात." छत्तीस वर्षं रोज संध्याकाळी कॅश जुळवून घरी आलेला माणूस मी, मला अकरा मोजता येतात. भाऊ म्हणाला, मधे एक सहल आली होती शाळेच्या पोरांची, तेव्हा तिला तू दिसला नसशील. आईनं उजवी मूठ उघडून दाखवली. तीत एक नाणं होतं.

मी टॉवेल भावाकडे दिला आणि पुन्हा पायऱ्या उतरलो.

परत येताना हुपरीच्या आसपास ती झोपली होती. घरी पोचल्यावर विचारलं, आता पडेल का गं स्वप्न? म्हणाली, "कशाला पडंल?" आणि चहा मागितला. त्यानंतर ती दोन वर्षं आणि चार महिने होती. वाडी पुन्हा स्वप्नात आल्याचं तिनं कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.